१७ नंबरचा फोटो



शाळेच्या छायाचित्र मंडळाच्या या प्रदर्शनातल्या एकाच फोटोबद्दल आज मी बोलणार आहे. समोरच्या भिंतीवर तो १७ नंबरला आहे. काढणाऱ्या मुलीला विचारूनच बोलतो आहे, पण तिचं नाव इथून घेणार नाही. हा फोटो प्रदर्शनात येणारच नव्हता. तो कसा आला, हे तुम्हा सगळ्यांना, विशेषतः ज्यांचे फोटो अजून मोबाइलमध्येच आहेत त्यांना, नीट कळावं असं मला वाटतं.

निवडीच्या दिवशी मी तुमच्या सरांना एक विनंती केली होती. कुणी हात वर करून आपला फोटो सुचवायचा नाही. प्रत्येकाच्या फोटोंच्या चार बाय सहा इंचाच्या छोट्या प्रती काढायच्या, मागे फक्त नंबर टाकायचा आणि सगळ्या याच सभागृहात सतरंजीवर पसरायच्या. मग प्रत्येकाला तीन-तीन चिंचोके दिले. जो फोटो पुन्हा पाहावासा वाटेल, त्यावर चिंचोका ठेवायचा. हात वर करून निवड झाली की धीट मुलांचे फोटो भिंतीवर जातात, हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे. खाली पसरलेल्या बिननावाच्या फोटोंत धीट कोण आणि लाजरं कोण, हे ओळखताच येत नाही. १७ नंबरवर चिंचोक्यांचा लहानसा ढीग झाला, आणि ती मुलगी खिडकीपाशी उभी राहून तो ढीग वाढताना पाहत होती. आदल्या दिवशी तिने सरांना सांगितलं होतं, "माझा तो फोटो काढून टाका, काळा आलाय."

फोटोत आहे काय? घराच्या आतून, उघड्या दारातून बाहेर पाहिलं आहे. दाराची चौकट आणि आतली भिंत मिळून अर्ध्याहून जास्त जागा अंधारी आहे. बाहेर अंगणात ऊन आहे आणि त्या उन्हात शेजारच्या आजी तूर पाखडत आहेत, आपल्याकडे पाठ करून. सूप वर गेलेलं आहे आणि फोलपटं हवेत आहेत.

फोटो काळा का आला? तिने मोबाइलच्या पडद्यावर आजींवर बोट टेकवलं. बोट जिथे टेकवू, तिथला उजेड मोबाइल प्रमाण मानतो. अंगण उजळ होतं, म्हणून त्याने एकूण उजेड कमी केला आणि आतली खोली अंधारात गेली. तिने खोलीवर बोट टेकवलं असतं तर भिंत दिसली असती, पण अंगण पांढरंफटक होऊन फोलपटं त्यात विरून गेली असती. म्हणजे तिला जी चूक वाटत होती, त्या अंधारामुळेच फोलपटं दिसतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या फोटोबद्दल तिने कुणाला विचारलंच नव्हतं. आपल्या फोटोतलं बरं-वाईट एकट्याने ठरवताना सगळ्यांची हीच अडचण होते. काढताना काय हवं होतं ते डोक्यात पक्कं असतं आणि तेवढंच आपण शोधत राहतो. दुसरा माणूस समोर जे आहे ते पाहतो.

पुढची अडचण छपाईची होती. तिने फोटो सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आक्रसतो. लांब बाजूला साधारण १,६०० ठिपके उरतात. सोळा इंच रुंद छापला तर एका इंचाला शंभरच ठिपके आले. पडद्यावर छान दिसणारी फोलपटं कागदावर चिखलासारखी झाली. मग तिच्या मोबाइलमधली मूळ फाइल घेतली. तिच्यात लांब बाजूला ४,००० ठिपके होते, म्हणजे इंचाला अडीचशे, आणि भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल तशीच जाते.

लॅबमध्ये आणखी एक गोष्ट झाली. मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा असतो आणि लॅबचा बारा बाय अठराचा कागद त्याहून लांबट. कागद पूर्ण भरायचा तर उंचीतला दीड इंच कापावा लागतो. पहिल्या प्रतीत खालचा उंबराच गेला होता. उंबरा गेला की आपण घरातून पाहतोय हे कळत नाही, नुसताच काळा पट्टा उरतो. म्हणून लॅबवाल्यांना सांगितलं, फोटो बारा बाय सोळाच ठेवा, दोन्ही बाजूंना इंचभर पांढरी कड राहू द्या. कागदही मॅट घेतला, कारण या सभागृहातल्या ट्यूबलाइटी चकचकीत कागदावर उमटतात, आणि काळ्या भागात तर जास्तच. फोटोचा मध्य जमिनीपासून सव्वाचार फुटांवर ठेवला आहे. मोठ्यांना किंचित वाकावं लागेल, पण हे प्रदर्शन मुलांच्या डोळ्यांच्या उंचीचं आहे.

फोटोखाली तिने आधी 'कष्टाचं सोनं' असं लिहिलं होतं. मी तिला विचारलं, तिथे काय चाललं होतं? ती म्हणाली, "आजी तूर पाखडत होत्या, शाळेला निघायच्या आधी." मग तेच लिहिलं: तूर पाखडताना, सकाळ, हर्सूल. छापलेली प्रत घेऊन ती आजींकडे गेली आणि भिंतीवर लावू का, असं विचारून आली. पाठमोरा फोटो असला तरी विचारायचंच.

राहिलं नाव. ते लिहायला ती तयार नव्हती. तेव्हा मी तिला होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितलं. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या नावाने छापले जात. बाईचं, तेही अनोळखी नाव कुणी छापायला तयार नव्हतं. साडी नेसून कॅमेरा घेतलेल्या या बाईला लोक गंभीरपणे घेत नसत, आणि त्यामुळे जिथे इतरांना अडवलं जाई तिथेही आपल्याला जाता येई, असं त्या पुढे सांगत. लाजऱ्या मुलांच्या फोटोंत पाठी जास्त असतात, माणसं लांब असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणी आपल्याकडे पाहत नाही, तेव्हा माणसं आपापल्या कामात दिसतात. एवढंच करा, लांबून झूम करू नका. दुप्पट झूम केलं की बहुतेक साध्या मोबाइलमध्ये चौथाईच ठिपके उरतात. दोन पावलं पुढे जा.

होमाईंचं काम आज त्यांच्या नावाने आहे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण ते पहिले फोटो नक्की कुणाचे, हे नंतर सांगावं लागलं. म्हणून आपण असं ठरवलं आहे: समोर नाव लावायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण प्रत्येक फोटोच्या मागच्या चिठ्ठीवर नाव, तारीख आणि ठिकाण असणारच. ज्यांनी आज समोर नाव लावलं नाही, त्यांना संध्याकाळपर्यंत केव्हाही लावता येईल; कोऱ्या पट्ट्या टेबलावर आहेत.

पालकांना एक सांगतो. फोटोसमोर उभं राहून "कुठल्या मोबाइलने काढलास?" असं विचारू नका. "कुठे उभं राहून काढलास?" असं विचारा. त्याचं उत्तर देताना मूल आपोआप बोलू लागतं. मुलांनो, तुम्हीही "कसा आहे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "छान" एवढंच येतं. "आधी तुमची नजर कुठे गेली?" असं विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. पाच जणांची नजर ट्यूबलाइटच्या तिरिपीवर गेली असेल तर फोटो हलवून लावायचा आहे. आजींच्या सुपावर गेली असेल तर तुम्हाला जे दिसलं होतं, तेच त्यांना दिसलं.

भिंतीवर न लागलेले फोटो दाराजवळच्या खोक्यात आहेत. तेही काढून पाहा. त्यातला एखादा आवडला तर मागचा नंबर सरांना सांगा; उजवीकडच्या भिंतीवर सहा फोटोंची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

प्रदर्शन खुलं झालं असं मी जाहीर करतो.