हलणारा कमोड : बोल्ट, सांधा आणि दुरुस्ती
(वसाहतीतील कामगारांच्या बैठकीत दिलेले भाषण)



आपल्या क्वार्टर्समध्ये जमिनीवर बसवलेले कमोड आता पुष्कळ ठिकाणी आहेत. बसल्यावर कमोड किंचित डोलतो, ही तक्रार बहुतेक वसाहतींत ऐकू येते. "चालतंय की अजून" असे म्हणून आपण ती सोडून देतो. खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते, तेव्हा आपण जागे होतो.

कमोडच्या तळाशी दोन्ही बाजूंना भोके असतात. त्यांतून बोल्ट किंवा स्क्रू फरशीतल्या गुट्टीत बसतो. या स्क्रूचे काम एवढेच, की भांडे जागचे हलू नये. माणसाचे वजन पेलते ती फरशी. फरशी उंचसखल असेल तर भांडे तीन ठिकाणी टेकते आणि चौथ्या ठिकाणी अधांतरी राहते. मग स्क्रू कितीही आवळा, डोलणे थांबत नाही. दुसरे कारण गुट्टीचे. जुन्या कामात लाकडी गुट्टी असते, ती ओलाव्याने कुजते. लोखंडी स्क्रू गंजतो आणि त्याची मान झिजते.

खरे नुकसान मात्र मागे होते. भांड्याचे तोंड जिथे मैल्याच्या पाइपाला मिळते, तिथे जुन्या कामात सिमेंट भरलेले असते. भांडे रोज केसभर हलले तरी ते सिमेंट तडकते आणि घाण पाणी तिथून झिरपते. तळाभोवती लावलेले पांढरे सिमेंट हे पाणी अडवत नाही, ते फक्त झाकते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मैल्याचे पाणी अडवतो तो मागचा सांधा. तळाची पट्टी फक्त फरशी धुतल्याचे पाणी आत जाऊ देत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे उदाहरण घेऊ. कमोड डावीकडे डोलतो आणि खाली छताला डाग आहे. आधी फरशी कोरडी पुसून भोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवा. फ्लश न करता कागद भिजला, तर गळती टाकीच्या किंवा नळाच्या जोडाची आहे. फ्लश केल्यावर मागच्या बाजूने भिजला, तर संशय फ्लशच्या नळीवर किंवा मैल्याच्या सांध्यावर. नळी हाताने चाचपून कोरडी लागली, तर दोष सांध्याचा. या घरात तसेच निघाले.

आता काम. अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, भांड्यातले पाणी मगाने व फडक्याने काढा. स्क्रू सोडवा. पांढरे सिमेंट पातळ छिन्नीने हलकेच फोडा. चिनी मातीवर घाव बसता कामा नये. भांडे दोघांनी उचला आणि पाइपाच्या तोंडात फडके कोंबा, म्हणजे वास येणार नाही आणि खडा आत पडणार नाही.

जुने भोक मोठे झाले असेल तर त्यात काड्या कोंबू नका. कुजकी गुट्टी काढून भोक साफ व कोरडे करा, इपॉक्सी पुट्टीने भरा, ती पूर्ण कडक झाल्यावर नव्याने भोक पाडा आणि प्लास्टिकचा रावळ प्लग बसवा. ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावा, नाहीतर खालचा ओल-प्रतिबंधक थर फुटेल. प्लगआधी भोकात थोडे सिलिकॉन घाला. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. काटकसर करायची ती दुसरीकडे करा.

मागच्या सांध्याला सिमेंटऐवजी रबरी कनेक्टर वापरा. तो किंचित हालचाल सोसतो. साबणाचे पाणी लावून तो सरकवा. भांडे ठेवून, स्क्रू लावण्यापूर्वी, पाणसळ धरा. जिथे पोकळी आहे तिथे प्लास्टिकची पाचर सारा. लाकडाची नको. हाताने ढकलून भांडे हलत नाही, हे पाहिल्यावरच प्लास्टिकच्या वायसरसह स्क्रू लावा. एकदा डावा, एकदा उजवा, असे थोडे थोडे आवळा. वायसर बोटाने फिरेनासा झाला की थांबा. यापुढे जोर लावलात तर तळाला चीर जाते आणि अख्खे भांडे बदलावे लागते.

मग चार-पाच वेळा फ्लश करून मागे कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा राहिला तरच तळाभोवती सिलिकॉन लावा. मागे दोन इंच जागा मोकळी सोडा. पुढे सांधा गळलाच, तर पाणी तिथून बाहेर दिसेल. सिलिकॉन लावल्यावर चोवीस तास फरशी धुऊ नका.

भांड्याच्या तळाला आधीच चीर असेल, किंवा फरशी ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर मात्र हा उपाय लागू नाही. तिथे गवंड्याचेच काम आहे.

शेवटी तक्रारवहीबद्दल. "कमोड हलतो" एवढेच लिहिले, तर माणूस येऊन पांढरे सिमेंट लिंपून जातो. त्याऐवजी "तळाची गुट्टी कुजली आहे, फ्लश केल्यावर मागचा सांधा गळतो, खालच्या छताला ओल आहे" असे लिहा आणि तारखेसह नक्कल आपल्याजवळ ठेवा.