ओटीपीची पाच मिनिटं



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पैसे भरण्याच्या पानामागे जो प्रोग्राम चालतो, तो लिहिणं हे माझं काम. त्यामुळे घरात कुणाचंही पेमेंट अडकलं की फोन मला येतो. मध्यंतरी खालाचा आला. वीजबिल भरत होती. दहा वाजून दोन मिनिटांनी तिने कार्डचा नंबर टाकला, पण ओटीपी येईना. चार मिनिटांनी तिने ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. सात मिनिटांनी मेसेज आला, तिने सहा आकडे नीट बघून टाकले आणि पानावर लाल अक्षरं उमटली : ओटीपी चुकीचा. खाला वैतागून म्हणाली, “बेटा, मेसेज आत्ता आला. पाच मिनिटं चालेल असं त्यातच लिहिलंय. मग हा मेला कधी?”

या प्रश्नाचं उत्तर देताना ओटीपी म्हणजे काय तेही सांगून होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा पासवर्ड. तुमचा नेहमीचा पासवर्ड तुम्हाला काहीतरी माहीत आहे एवढंच सांगतो. ओटीपीने बँकेला वेगळी खात्री हवी असते : हा मोबाईल नंबर या क्षणी याच माणसाच्या हातात आहे ना? ‘या क्षणी’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण मुदतीचं सगळं कारण त्यांत आहे. काल आलेला आकडा आज चालला, तर त्यातून फार तर एवढं कळेल की हा मेसेज या माणसाने कधीतरी पाहिला होता. तो त्याने दुरुस्तीला दिलेल्या फोनमध्ये पाहिला असेल, नाहीतर शेजारी बसून स्क्रीनवर वाचला असेल.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ही जादा खात्री ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी त्यासाठी आणखी एक कायमचा पासवर्ड असायचा. लोक तो विसरायचे किंवा डायरीत लिहून ठेवायचे. पुढे एसएमएसवरचा ओटीपी रुळला.

आता आत काय घडतं ते पाहू. तुम्ही बटण दाबलंत की सर्व्हर सहा आकड्यांची एक संख्या निवडतो. ती अंदाज बांधता येऊ नये अशीच निवडावी लागते. त्यासोबत तो चार गोष्टी नोंदवतो : ही संख्या कुठल्या व्यवहारासाठी आहे, ती किती वाजता संपते, आतापर्यंत किती चुकीचे प्रयत्न झाले आणि ती वापरली गेली का. मुदत सर्व्हरच्या घड्याळात सुरू होते, तीही संख्या तयार झाल्याच्या क्षणी. एसएमएस वाटेत रेंगाळला तर तो वेळ तुमच्याच खात्यातून जातो. आणि ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर बहुतेक ठिकाणी नवी संख्या तयार होते आणि जुनी तिथल्या तिथे रद्द होते.

खालाचा पहिला ओटीपी दहा वाजून दोन मिनिटांचा होता. दहा-सहाला तिने दुसरा मागितला, तेव्हाच पहिला रद्द झाला. दहा-नऊला तिच्या हातात आलेला मेसेज होता पहिला! तो रद्द झाला नसता तरी दहा-सातला त्याची मुदत संपलीच असती. दुसरा आणखी मिनिटभराने आला आणि चालला. म्हणून दोन मेसेज आले की शेवटी मागितलेला टाकायचा. आणि बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, कारण प्रत्येक दाबण्यासरशी वाटेत असलेला आकडा आपणच मारतो.

आता पाचच मिनिटं का? सहा आकड्यांच्या संख्या ००००००पासून ९९९९९९पर्यंत, म्हणजे दहा लाख. ऐकायला भरपूर वाटतात. पण समजा एखादा प्रोग्राम सेकंदाला हजार संख्या टाकून बघतोय आणि त्याला कुणी अडवत नाही. पाच मिनिटांत तो तीन लाख संख्या टाकेल, म्हणजे दहापैकी तीन वेळा तो आत शिरेल. मुदतच नसती तर सुमारे सतरा मिनिटांत सगळ्या दहा लाख संपल्या असत्या. यावरून दिसतं की नुसत्या मुदतीने भागत नाही. चुकीचे प्रयत्न मोजावेच लागतात. तीन चुकांनंतर ओटीपी रद्द केला, तर चोराची संधी दहा लाखांत तीन एवढीच उरते. आणि तो ‘पुन्हा पाठवा’ दाबून नव्याने तीन संधी घेत बसू नये, म्हणून पाठवण्यावरही मर्यादा लागते.

मुदत आणि ‘एकदाच’ या दोन वेगळ्या अटी आहेत, हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्या नोकरीत मी ओटीपी तपासण्याचा भाग लिहिला. मुदत बरोबर तपासली, पण वापरून झालेला ओटीपी खोडायचा विसरलो. पाच मिनिटांच्या आत तोच आकडा दुसऱ्यांदा चालत होता. आमच्या टेस्टर बाईंनी तो दोनदा टाकून दाखवला तेव्हा माझे कान लाल झाले होते.

मग मुदत एकच मिनिट का ठेवत नाहीत? खालासाठी. एसएमएसला उशीर होतो, चष्मा शोधावा लागतो, मेसेजमधून परत पानावर यावं लागतं. मुदत फार आखडली तर चोराआधी म्हातारी माणसंच बाहेर पडतील.

आता मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट. नंतर आकडा हाती लागलेल्या चोराला मुदत अडवते. फोनवर तुमच्याशी आत्ता बोलत असलेल्याला ती अजिबात अडवत नाही. त्याने तुमच्या कार्डचे तपशील आधीच कुठूनतरी मिळवलेले असतात, पैसे काढायचं पान समोर उघडं असतं, आणि त्याला हवी असतात फक्त वीस सेकंदं. उलट चोराविरुद्ध केलेली ही मुदत तो तुमच्यावरच वापरतो : “मॅडम, लवकर सांगा, दोन मिनिटांत कोड संपेल, मग केवायसी बंद पडेल.” घाई खरी असते, मेसेजमध्ये लिहिलेलीच असते, म्हणून माणूस फसतो. पण संपणार असतो तो त्याचा व्यवहार. ओटीपी कुणालाही न सांगता संपू दिला, तर तुमचं काहीच बंद पडत नाही.

अशा वेळी मेसेजमधला आकडा बाजूला ठेवून आधी शब्द वाचा. तोंडी केवायसी चाललेली असते आणि मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, अमुक दुकानात अठरा हजार पाचशे रुपये भरण्यासाठी. घरात अम्मी-अब्बांना शिकवायचं तर हेच वाक्य शोधायला शिकवा. ‘ओटीपी सांगू नका’ त्यांना पाठ असतं, तरीही घाईत ते सांगून बसतात.

आणि सांगून बसलेच, तर रागावण्यात वेळ घालवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः तपशील दिल्यामुळे झालेलं नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंत त्याचं असतं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणून आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगा, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत रोखले गेले, तर परत मिळण्याची शक्यता असते.