एकच विक्री : एकीकडे नफा, दुसरीकडे तोटा

अकरावीच्या पुस्तपालनात घसाऱ्याचं गणित सोपं असतं, पण मालमत्ता वर्षाच्या मध्येच विकली की मुलं अडखळतात. म्हणून आज एकच गणित, पण पुरतं सोडवूया. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, वारंगा फाट्यावरच्या एका हळद व्यापाऱ्यानं १ एप्रिल २०२१ रोजी हळद पॉलिश करायचं यंत्र १,८०,००० रुपयांना घेतलं. वाहतूक आणि उभारणीला २०,००० लागले. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायचा, म्हणजे मूळ किंमत झाली २,००,०००. घसारा दरसाल १० टक्के, हिशेब ३१ मार्चला बंद. ३० सप्टेंबर २०२३ रोजी, हंगाम उरकल्यावर, यंत्र १,५२,००० रुपयांना विकलं.

स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी मूळ किमतीवर २०,००० घसारा. दोन वर्षांचे ४०,००० आणि विक्रीच्या वर्षात एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे १०,०००. विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत १,५०,०००. विक्रीवर नफा २,०००.

ऱ्हासमान शेष पद्धतीत पहिल्या वर्षी २०,००० आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या १,८०,००० वर १८,०००. शिल्लक १,६२,०००. तिच्यावर सहा महिन्यांचा घसारा ८,१००. पुस्तकी किंमत १,५३,९००, म्हणजे तोटा १,९००.

यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच, पैसेही तेवढेच! मग खरं काय? दोन्ही खरं. आता ताळा करा. ५०,००० घसाऱ्यातून २,००० नफा वजा केला तर ४८,०००. ४६,१०० घसाऱ्यात १,९०० तोटा मिळवला तरी ४८,०००. घेतलं दोन लाखांना, विकलं १,५२,००० ला. खर्ची पडले ४८,०००च. पद्धत बदलल्यानं ती रक्कम कोणत्या वर्षाच्या अंगावर किती पडते, एवढंच बदलतं.

बहुतेक चुका त्या सहा महिन्यांतच होतात. कुणी मागच्या वर्षाच्या १८,००० चे निम्मे, ९,००० लिहितो. कुणी पूर्ण वर्षाचा घसारा लावतो, तर कुणी विक्रीच्या वर्षाचा सोडूनच देतो. गंमत अशी, की अशा चुकीनंतरही वरचा ताळा जुळतो, कारण चूक नफ्या-तोट्यात जिरून जाते. म्हणून विक्रीची तारीख आणि १ एप्रिलची शिल्लक हे दोन आकडे आधी वेगळे लिहून ठेवावेत.

आयकराची रीत मात्र निराळी आहे. तिथे मालमत्तांचा गट धरतात आणि विक्रीची रक्कम गटाच्या शिल्लकेतून वजा होते. एकेका यंत्राचा असा नफा-तोटा सहसा निघत नाही. तेव्हा परीक्षेतली ही रीत विवरणपत्रात जशीच्या तशी उतरवू नका.

आता हेच यंत्र ३१ डिसेंबर २०२३ ला त्याच भावात विकलं असं समजून गणित सोडवा. स्थिर हप्त्यात ७,००० आणि ऱ्हासमान शेषात २,१५० असा दोन्हीकडे नफाच यायला हवा.