कात्री लागते कुठे?



 अध्यक्ष या नात्याने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्या, असं संयोजकांनी सांगितलं होतं. तो पुस्तिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बरीच वर्षं पोटात राहिली आहे.

सकाळच्या परिसंवादात गर्भाच्या जनुक-संपादनावर खडाजंगी झाली. एक बाजू म्हणाली, रोग काढायला हरकत नाही, गुण वाढवायला नको. दुसरी म्हणाली, ही रेघ मारणार कोण? पण रोगासाठी या तंत्राची गरज आहे, हे दोन्ही बाजू धरूनच चालल्या होत्या. ती गरज मला माझ्या ओपीडीत सापडत नाही.

मामाची मुलगी करायची, काही घरांत मामालाच भाची द्यायची, ही रीत आपल्या बीदर-सोलापूर पट्ट्यात अजून आहे. अशा घरात नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघाले असं धरा. त्यांना स्वतःला त्रास नसतो, पण प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आयव्हीएफमध्ये आठ गर्भ झाले तर सरासरीने दोन आजारी आणि सहा निरोगी. त्या सहांतले चार आई-बापांसारखेच वाहक. पाचव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातून चार-पाच पेशी काढायच्या, तपासायच्या आणि निरोगी गर्भ रुजवायचा. यात क्रिस्परची कात्री लागली कुठे?

बरं, कात्री चालवली तरी तपासणी चुकत नाही. दुरुस्ती झाली का, हे बघायला त्याच चार-पाच पेशी काढाव्या लागतात. गोम इथेच आहे. गर्भाचं पहिलं विभाजन होऊन गेल्यावर बदल झाला, तर काही पेशी दुरुस्त होतात, काही तशाच राहतात. शिवाय बाहेरच्या थराची वार बनते. मूल बनतं ते आतल्या पुंजक्यातून, आणि त्याला आपण हातच लावलेला नसतो. रिपोर्ट चांगला आला तरी मुलाबद्दल खात्री देता येत नाही.

आई-बाप दोघेही थॅलेसेमियाचे रुग्ण असतील, तर मात्र निवडायला निरोगी गर्भच नसतो. अशी जोडपी अगदी विरळा. जन्मलेल्या रुग्णासाठी दुसरी वाट आहे. त्याच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, संपादित करून परत द्यायच्या उपचाराला ब्रिटनने २०२३ साली मंजुरी दिली. महाग आहे, केमोथेरपी सोसावी लागते, सगळं खरं. पण तिथे रुग्ण समोर बसलेला असतो, त्याला विचारता येतं, आणि तो बदल त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही.

चीनमध्ये हे जियानकुईने २०१८ साली काय केलं? ज्या गर्भांवर त्याने कात्री चालवली, त्यांच्या बापाला एचआयव्ही होता, पण वीर्य धुऊन घेतलं की लागण टाळता येते, आणि ते केलंही होतं. तरी मुलींना पुढे कधी लागण होऊ नये म्हणून त्याने सीसीआर५ जनुकात बदल केला. मुली आजारी नव्हत्याच, मग हा उपचार कसला? अर्जावर सह्या आई-बापांच्या. त्याला तीन वर्षांची कैद झाली. बदललेलं जनुक घेऊन जगायचं आहे त्या मुलींना.

रेघ कोण मारणार, असं एका तरुण मित्राने विचारलं. माझ्याकडे एका वाहक जोडप्याला घेऊन सासूबाई आल्या होत्या. मी गर्भनिवड समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, “एवढा खर्च करायचाच तर मुलगाच बघा की डाक्टर. आन् रंग आईवर जाऊ देऊ नका.” सून शेजारीच बसली होती, फाइलची दोरी बोटाला गुंडाळत. मी कायदा सांगितला. “पैशे तर आमीच भरायलोय न्हवं?” रेघ मारणारे लोक हे आहेत, मित्रा.

गर्भजल तपासणीही भारतात जन्मजात दोष शोधायलाच आली होती. पुढे तिने काय केलं, ते माझ्या पिढीने पाहिलं आहे. त्यापायी महाराष्ट्राला १९८८ साली कायदा करावा लागला, देशाला १९९४ साली.

आता आपलं काम. सीबीसीत एमसीव्ही ऐंशीच्या खाली दिसला की आपण लोहाच्या गोळ्या लिहितो आणि पुढचा पेशंट बोलावतो. तीन महिन्यांनी तो तसाच दिसला तरी पुन्हा गोळ्याच. एचपीएलसी करा. एचबीए२ साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर वाहक असण्याची दाट शक्यता. लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येऊन फसवतो, तेव्हा लोह भरून काढून परत करा. बायको वाहक निघाली तर नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात घ्या, “मला काय झालंय?” म्हणेल, तरी घ्या. आणि जमलं तर हे सगळं साखरपुड्याच्या आधी.

यावर मराठी, कन्नड आणि उर्दूत एक पत्रक काढावं असं मनात आहे. लिहायचं कोणी, पैसे कुठून आणायचे, ते कार्यकारिणीत बोलू. जेवणाची पानं मांडली आहेत असा निरोप आलाय, तेव्हा थांबतो.