पीकविम्याची मुदत, हप्ता आणि गटसचिवाचा ई-मेल

विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचा गटसचिव विमा कंपनीला जो ई-मेल पाठवतो, त्यात बहुधा दोनच प्रश्न असतात. नोंदणीची शेवटची तारीख कोणती, आणि शेतकऱ्याच्या खात्यातून हप्ता किती कापायचा? दोन्ही प्रश्न सोपे दिसतात, पण त्यांची उत्तरे एका ओळीत मावत नाहीत. प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम येते, आणि त्याचा भुर्दंड भरपाईच्या वेळी सभासदाला बसतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016च्या खरिपापासून सुरू झाली. त्या वेळी पीक कर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. 2020च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. तरी कर्जदार सभासदाने नको असे लेखी कळवले नाही, तर त्याचा हप्ता आजही कापला जातो. महाराष्ट्रात 2023च्या खरिपापासून शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा आणि त्याचा उरलेला वाटा राज्य शासनाने उचलायचा, अशी पद्धत होती. 2025च्या खरिपात ती बंद झाली आणि हप्त्याचा हिशेब पुन्हा संस्थेच्या दप्तरात आला. मधल्या हंगामांत ज्या सचिवांनी काम हाती घेतले, त्यांना हा हिशेब नवाच आहे.

आधी मुदतीचे पाहू. खरिपासाठी 31 जुलै ही तारीख धरली, तर तिच्या पोटात आणखी तीन तारखा येतात. विमा नको असलेल्या कर्जदाराने शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी, म्हणजे 24 जुलैपर्यंत, तसे लिहून द्यायचे असते. कर्जाच्या अर्जात एक पीक लिहिले आणि शेतात दुसरे पेरले, तर तो बदल किमान दोन दिवस आधी, 29 जुलैपर्यंत, कळवावा लागतो. पाऊस लांबला की हा बदल हमखास होतो, कारण कर्जाचे कागद झालेले असतात आणि पेरणी व्हायची असते. हप्ता खात्यातून कापण्याची मुदत 31 जुलैला संपते. कापलेली रक्कम भरून शेतकरीनिहाय माहिती राष्ट्रीय पीक विमा पोर्टलवर चढवायला बँकेला पुढे पंधरा दिवस मिळतात. तो पंधरावा दिवस 15 ऑगस्ट असतो आणि त्या दिवशी बँक बंद असते. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखेला संस्थेची यादी त्याआधी बरेच दिवस मिळाली नाही, तर शाखेच्या हाती काही उरत नाही.

मुदतवाढ मिळते तेव्हा गोंधळ वाढतो. 2025च्या खरिपात महाराष्ट्रात बिगर कर्जदारांना 14 ऑगस्टपर्यंत आणि कर्जदारांना 30 ऑगस्टपर्यंत मुदत वाढवून मिळाली. एकाच गावातल्या दोन सभासदांसाठी तारखा वेगळ्या होत्या. त्यामुळे ‘मुदत वाढली आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. कोणत्या प्रकारच्या शेतकऱ्यासाठी वाढली, पीकबदल आणि नकारपत्राच्या तारखाही पुढे गेल्या का, हे विचारावे लागते. मुदत वाढवण्याचा अधिकार मात्र कंपनीला नाही. तो शासनाचा निर्णय असतो. म्हणून कंपनीकडे मुदतवाढीची विनंती करण्यात हशील नाही. लागू असलेल्या शासकीय आदेशाची प्रत मागवावी आणि ई-मेलची प्रत जिल्हा बँकेला व तालुका कृषी अधिकाऱ्याला द्यावी.

हप्त्याच्या बाबतीत सर्वांना पाठ असलेले आकडे असे : खरिपाच्या अन्नधान्य व गळिताच्या पिकांना विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना 5 टक्के. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, एवढीच गोष्ट विसरली जाते. निविदेत ठरलेला विमा दर याहून कमी असेल, तर शेतकऱ्याने तो कमी दरच भरायचा असतो.

उदाहरणादाखल सोयाबीनची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 रुपये धरू. सभासदाचे क्षेत्र 1 हेक्टर 20 आर आहे, म्हणजे त्याची संरक्षित रक्कम 60,000 रुपये झाली. विमा दर 12 टक्के असेल तर एकूण हप्ता 7,200 रुपये होतो. त्यातले 1,200 शेतकऱ्याचे, आणि उरलेल्या 6,000 मध्ये केंद्र व राज्य निम्मे-निम्मे. आता शेजारच्या जिल्ह्यात तोच दर दीड टक्का निघाला असे समजू. तिथे एकूण हप्ताच 900 रुपये आहे आणि शेतकऱ्याने तेवढाच भरायचा. सचिवाने सवयीने 2 टक्के लावले, तर त्या सभासदाच्या खात्यातून 300 रुपये जास्त जातात. म्हणून टक्केवारी विचारू नये. आपल्या जिल्ह्यात त्या पिकाला हेक्टरी किती रुपये, असे विचारावे.

या सगळ्याचा विचार करून लिहिलेला ई-मेल साधारण असा होतो :

‘विषय : खरीप सोयाबीन – मुदत व शेतकरी हिस्सा यांबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत.

महोदय, आमच्या संस्थेचे 142 कर्जदार सभासद सोयाबीनसाठी विमा उतरवीत आहेत. एकूण क्षेत्र 118.40 हेक्टर आहे. हेक्टरी 1,000 रुपये शेतकरी हिस्सा धरून 1,18,400 रुपये जिल्हा बँकेच्या शाखेमार्फत भरले जातील. हा हिस्सा आपल्या जिल्ह्याच्या अधिसूचित दराप्रमाणे बरोबर आहे का, ते कळवावे. कर्जदारांसाठी सध्या लागू असलेली शेवटची तारीख व तिच्या आदेशाची प्रत द्यावी. 9 सभासदांचे कर्ज या हंगामात नूतनीकृत झालेले नाही. त्यांची नोंदणी बिगर कर्जदार म्हणून स्वतंत्र व्हावी का, याचाही खुलासा व्हावा. पोर्टलवर नोंद झाल्यावर गावनिहाय व गटनिहाय यादी परत मिळावी. सभासदांची यादी सोबत जोडली आहे.’

या ई-मेलमधली शेवटची मागणी सर्वांत मोलाची आहे आणि बहुतेक पत्रांत नेमकी तीच नसते. पैसे पोचले आणि बेरीज जुळली की काम झाले असे धरले जाते. 1 हेक्टर 20 आर ऐवजी 0.20 हेक्टर टाइप झाले, तर बेरीज चुकते आणि चूक सापडते. पण गावाचे नाव चुकले तर रक्कम तीच राहते आणि बेरीजही जुळते. महाराष्ट्रात प्रमुख पिकांच्या उत्पादनाचा हिशेब महसूल मंडळाच्या पातळीवर, पीक कापणी प्रयोगांतून निघतो. चुकून नोंदलेले गाव दुसऱ्या मंडळात असेल, तर त्या सभासदाची भरपाई त्या मंडळाच्या उत्पादनावर ठरते. आपल्या मंडळात पीक बुडाले आणि त्या मंडळात बरे आले, तर हप्ता भरूनही त्याच्या हाती काही येत नाही. ही चूक शोधायला सातबारा आणि परत आलेली यादी शेजारी ठेवून गाव, गट क्रमांक, पीक व क्षेत्र ओळीने ताडून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

हे ताडून पाहण्याचे काम नोंद होताच करावे. पोर्टलवर अर्ज त्रुटीसाठी परत आलेला दिसला, तर दुरुस्तीला थोडाच अवधी असतो. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँक किंवा संस्थेच्या चुकीमुळे, वगळण्यामुळे वा उशिरामुळे सभासदाची भरपाई बुडाली, तर तिची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, चूक करणाऱ्या बँकेवर वा संस्थेवर येते. अशा वादात कोणी, केव्हा, काय कळवले होते हे पाहिले जाते. त्यासाठी सभासदाच्या खात्यातली कपात, शाखेला यादी दिल्याची पोच, रक्कम वर्ग झाल्याचा यूटीआर क्रमांक, पोर्टलवरचा अर्ज क्रमांक आणि कंपनीचे उत्तर हे पाच कागद त्या हंगामाच्या फाइलमध्ये एकत्र असावेत. कंपनीचे उत्तर फोनवर आले असेल, तर त्याच दिवशी त्याचा सारांश ई-मेलने पाठवून दुजोरा मागवावा, आणि तो येईपर्यंत फाइल बंद करू नये.