तळाशी काय जाते?



जुलै महिन्यात जबलपूरच्या महाविद्यालयांतून विज्ञानशाखेचे नवे वर्ग भरू लागले, की प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला एक वाक्य तुमच्या कानी पडते : ‘आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात ओतू नका.’ पुढे केव्हातरी दुसरे येते : ‘ईथरजवळ दिवा नको.’ दोन्ही वाक्ये वहीत उतरवली जातात आणि बहुधा वहीतच राहतात. या दोन्हींच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे, तो मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. दोन पदार्थ एकत्र आले म्हणजे त्यांतला जड कोणता, आणि तो जाऊन बसतो कोठे?

संहत गंधकाम्ल, म्हणजे तुमच्या परिचयाचे सल्फ्युरिक ॲसिड, पाण्याच्या १.८४ पट जड असते. त्याच्यावर पाणी ओतले, तर हलके पाणी वरच तरंगत राहते. दोघांचा संयोग होतो तो केवळ त्या पातळ सीमेवर, आणि तेथे निर्माण होणारी सारी उष्णता थोड्याशा पाण्याच्या वाट्याला येते. ते पाणी क्षणात उकळते आणि उसळताना खालचे आम्ल बरोबर घेऊन तोंडावर उडते. उलट, आम्ल पाण्यात ओतले तर ते खाली उतरते. उतरताना त्याला भोवतालचे पुष्कळ पाणी भेटते आणि उष्णता वाटली जाते.

मात्र एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. जड आम्ल खाली उतरते खरे. पण ढवळले नाही, तर ते तळाशी थर करून स्वस्थ पडून राहते. वरचे पाणी थंडच असते, त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते. मग कोणी काचकांडी घालून एकदम ढवळतो, आणि इतका वेळ अडून राहिलेली उष्णता एकाच वेळी बाहेर पडते. हा थर ओळखता येतो. उजेडाकडे धरून पाहिले, तर पाण्यात तेलकट दोऱ्यांसारखे वळसे दिसतात. ते दिसत आहेत तोवर पुढचे आम्ल ओतू नये.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २ नॉर्मल गंधकाम्ल एक लिटर बनवायचे आहे. बाटलीतले आम्ल ९८ टक्क्यांचे असेल, तर ते सुमारे ५५ मिलिलिटर लागते. दोन लिटरचे, उष्णता सोसणाऱ्या काचेचे बीकर घ्या, त्यात आधी ७०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी ओता आणि ते थंड पाण्याच्या परातीत ठेवा. आम्ल कोरड्या मोजपात्राने मोजा आणि काचकांडीवरून बारीक धारेने, थांबत थांबत सोडा. कांडी सतत फिरती असू द्या. परात नसती, तर एवढ्याने पाण्याचे तापमान वीस ते पंचवीस अंशांनी चढले असते. जबलपूरच्या पावसाळ्यात नळाचे पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असेल, तर मिश्रण पन्नासच्या घरात गेले असते. परातीमुळे ते बरेच खाली राहते.

पाणी ७०० मिलिलिटरच का? हेच आम्ल तितक्याच, म्हणजे ५५ मिलिलिटर पाण्यात भराभर ओतले, तर क्रम अगदी बरोबर असूनही मिश्रण शंभर अंशांच्या वर जाते. तेव्हा नियमाचा उरलेला अर्धा भाग असा, की आम्ल पाण्यात ओतावे, पण पुष्कळ पाण्यात. आणि हे काम मोजपात्रात करू नये. ते उभट असल्याने त्यात नीट ढवळता येत नाही, आणि त्याचा जाड तळ एकाएकी तापला की तडकतो. एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे तेही मिश्रण हाताला थंड लागल्यानंतरच. गरम असताना भरले तर थंड झाल्यावर ते आकसते आणि खुणेच्या खाली जाते.

मीठाम्ल आणि नत्राम्ल विरल करताना इतकी उष्णता निघत नाही; त्यांचा त्रास धुराचा, म्हणून ती धूर ओढून घेणाऱ्या कपाटात हाताळावीत. डोळ्यांवर चष्मा तिन्ही वेळा हवाच. आणि आम्ल अंगावर उडालेच, तर सोडा शोधत बसू नका. भिजलेला कपडा दूर करा आणि वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे अंग धरा. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या ठेवून तसेच धुवा आणि डॉक्टरांकडे जा. नळ कोठे आहे, हे बाटली उघडण्यापूर्वीच पाहून ठेवलेले असावे.

आता दिव्याकडे वळू. ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड, ईथरची अडीच पटींहून थोडी अधिक. म्हणजे येथेही जड तळाशी जाते. फरक इतकाच, की हा थर डोळ्यांना दिसत नाही. समजा, कोणी फ्लास्क लवकर वाळावा म्हणून ॲसिटोनने खळबळून टेबलावर ठेवला आहे. त्याच्याजवळ दिवा नाही. दिवा आहे तो शेजाऱ्याचा, दीड मीटरवर. वाफ टेबलाच्या पृष्ठभागावरून पाण्यासारखी पसरत जाते. ती दिव्यापर्यंत पोचली की ज्योत त्याच वाटेने मागे धावत येते आणि फ्लास्क पेटतो. शेजाऱ्याने काही केलेले नसते, आणि फ्लास्कवाल्यालाही आपण काय केले ते कळत नाही. आपल्याकडे दिव्याची ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद ठेवण्याची रीत आहे. तेव्हा वाफ विरून जात नाही, हेही ध्यानात असू द्या. अल्कोहोल तापवायचे असेल, तर पाणी दुसरीकडे गरम करावे, दिवा विझवावा आणि मग ते गरम पाणी टेबलावर आणून त्यात नळी धरावी. उरलेले द्रावक मोरीत ओतू नये. वाफ नळातून दुसऱ्याच मोरीत निघते.

कार्बन डायसल्फाइड याहून हट्टी आहे. ब्रोमीन-आयोडीनच्या परीक्षेत तुम्ही ते थेंबांनी वापराल. ते पेटायला ज्योतही लागत नाही. ९० ते १०० अंश तापलेला पृष्ठभाग, म्हणजे नुकतीच उकळत्या पाण्यातून काढलेली जाळी किंवा गरम नळीसुद्धा पुरते. आणि द्रव पेटला तर पुन्हा तोच प्रश्न येतो. ईथर पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी ओतल्यास ते जळत जळत वर तरंगते आणि आग टेबलभर पसरते. कार्बन डायसल्फाइड मात्र पाण्यापेक्षा जड. ते खाली जाते आणि वरचे पाणी त्याला झाकून टाकते. म्हणूनच ते साठवतानाही वर पाण्याचा थर ठेवतात. लहान पात्रातली कोणतीही आग मात्र काचेची तबकडी किंवा ओले फडके वर ठेवून झाकणे उत्तम. पात्र हातात उचलून धावू नये.

शेवटी आपल्या गावाची एक गोष्ट. ईथर ३४.६ अंशांना उकळते, आणि जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच असल्याने येथे त्याहून एक-दीड अंश आधीच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे कपाटातल्या बंद बाटलीत ईथर उकळायला टपलेले असते, आणि बूच उघडताच ते उसळून बाहेर येते. अशी बाटली आधी थंड जागी निववावी. मग खोलीतले सगळे दिवे विझवून, तोंडापासून दूर धरून, बूच हळूहळू सैल करावे.