बारा लाख किती वर्षं पुरतील?

आज वही-पेन घेऊन बसा, एक हिशेब मांडायचा आहे.

आमच्या गटातल्या एका काकू साठाव्या वर्षी पोळ्यांची कामं सोडणार होत्या. घर स्वतःचं, पेन्शन नाही. गावच्या जमिनीच्या वाट्याचे बारा लाख हाती आले होते. महिन्याचा खर्च दहा हजार. काकू म्हणाल्या, "व्याज धरून पंधरा-सोळा वर्षं जातील की!"

खर्च कायम दहा हजारच राहिला तर हे खरं आहे. पण तो राहत नाही. म्हणून आम्ही वहीत चार रकाने आखले: सुरुवातीची शिल्लक, वर्षाचा खर्च, व्याज, वर्षअखेरची शिल्लक. व्याज ७ टक्के आणि महागाई ६ टक्के धरली. वर्षाचा खर्च आधीच काढून ठेवायचा आणि उरलेल्या रकमेवर व्याज मोजायचं.

पहिल्या वर्षी १२ लाखांतून १ लाख २० हजार काढले. उरलेल्या १० लाख ८० हजारांवर ७५,६०० व्याज आलं. शिल्लक ११ लाख ५५ हजार ६००. दुसऱ्या वर्षी खर्च १ लाख २७ हजार २०० झाला आणि शिल्लक अकरा लाखांवर आली. इथवर काही जाणवत नाही. पाचव्या वर्षाअखेर साडेआठ लाख उरले, आठव्या वर्षाअखेर साडेचार लाखांच्या थोडे वर, दहाव्या वर्षाअखेर जेमतेम ९७ हजार. अकराव्या वर्षी महिन्याला सुमारे १७,९०० लागतात, म्हणजे सहाव्या महिन्यातच पैसे संपतात. काकू तेव्हा फक्त सत्तरीच्या!

काकू गप्पच झाल्या. बारा लाखांना एक लाख वीस हजारांनी भागलं तरी दहाच वर्षं येतात. मग व्याज गेलं कुठे? ते महागाईनं खाल्लं. व्याजाचा दर आणि महागाईचा दर जवळजवळ सारखे असतील, तर हा साधा भागाकारच खरं उत्तर सांगतो.

मग काकूंनी एक खोली चार हजारांनी भाड्यानं दिली. आता जमापुंजीतून सहा हजारच काढायचे. पुन्हा हिशेब केला, तर पैसे अठरा वर्षं पुरतात. पण भाडंही दरवर्षी महागाईइतकं वाढवलं तरच! न वाढणारी मिळकत दरवर्षी लहान होत जाते. ईपीएफच्या पेन्शनचंच बघा. २०१४ साली किमान एक हजार ठरली, ती महागाईबरोबर आपोआप वाढत नाही.

या हिशेबात दवाखाना धरलेला नाही, त्याची रक्कम वेगळी ठेवा. आणि दर दिवाळीनंतर वहीतली शिल्लक पासबुकाशी ताडून बघा. पासबुकात कमी दिसली, तर खर्च ठरल्यापेक्षा जास्त होतोय किंवा व्याज कमी मिळतंय. तेव्हा उरलेल्या वर्षांचा तक्ता त्याच दिवशी नव्यानं मांडा.